टोपीच्या काठाखालचा चेहरा

बडोद्यातील एका हौशी मराठी नाट्यमंडळाच्या जाहिरातफलकासाठी नायकाच्या डोक्यावर संगणकावर रुंद काठाची फेल्ट हॅट बसवून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मूळ छायाचित्र आधीच काढून झाले होते. डिसेंबरअखेरीस, दुपारी साडेबाराच्या सुमारास, कमाटीबागेतल्या पायवाटेवर दक्षिणेकडे तोंड करून तो उघड्या डोक्याने उभा होता. हॅट मी तशाच उन्हात गच्चीवर पुतळ्याला घालून टिपली, त्यामुळे ती चित्रात विनासायास बसली. खरे काम तिच्याखालच्या चेहऱ्यावर होते.

सावली कुठवर आली पाहिजे, हे अंदाजावर सोडण्याची गरज नसते. बडोद्यात त्या दिवसांत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 44 अंशांवर असतो आणि नाकाची सावली वरच्या ओठाला टेकलेली दिसत होती, तीही याच कोनाशी जुळणारी होती. 45 अंशांच्या आसपास काठ कपाळापुढे जितका येतो, साधारण तितकीच सावली त्याच्याखाली उतरते. हॅटचा काठ 7 सेंटिमीटर रुंद होता आणि तो भुवयांच्या वर 3 सेंटिमीटरवर बसला होता. म्हणजे सावलीची कड भुवयांच्या खाली सुमारे 4 सेंटिमीटरवर, डोळ्यांखाली, गालांच्या वरच्या भागात यायला हवी होती.

ही कड मात्र सरळ रेषेत ओढता येत नाही. चेहऱ्याचा जो भाग पुढे आलेला असतो तो काठाच्या पुढच्या कडेला जवळ असतो, त्यामुळे तिथे सावली वरच संपते, आणि खोलगट भागात ती अधिक खाली उतरते. म्हणून नाकाच्या दांड्यावर मी कड सुमारे दीड सेंटिमीटर वर चढवली, नाकाच्या दोन्ही बाजूंना पुन्हा खाली आणली आणि नाकाचा शेंडा उन्हातच ठेवला. कडेचा मऊपणाही मोजूनच ठरतो. सूर्यबिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापते, त्यामुळे काठापासून 10 सेंटिमीटर अंतरावरच्या गालावर कड फक्त एक मिलिमीटरभर विरघळते. चित्रात एक सेंटिमीटरला सुमारे 100 पिक्सेल येत होते, तेव्हा दहाएक पिक्सेलचा मऊपणा पुरला. स्टुडिओत दीड मीटरवर 60 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स असता, तर हाच पट्टा चार सेंटिमीटरचा झाला असता. उन्हातल्या चेहऱ्यावर तसली धूसर सावली घातली की ती काजळी फासल्यासारखी दिसते.

सर्वाधिक वेळ गेला तो डोळ्यांच्या खोबणीत. तिथे भुवईच्या हाडाची सावली मूळ चित्रातच होती, आणि वरून खालचे चित्र गडद करणाऱ्या मल्टिप्लायचा एकसारखा थर दिला असता तर ती दुप्पट काळी झाली असती. वास्तविक एकाच सूर्याच्या दोन सावल्या एकमेकींवर पडून गडद होत नाहीत. ऊन एकदा अडले की ते अडलेच. म्हणून आधी मी उजेडाचे प्रमाण बदलणाऱ्या कर्व्ह्जने फक्त उन्हातली त्वचा, म्हणजे कपाळ, पापण्या आणि नाकाचा वरचा भाग, काळोखाकडे नेली आणि जुन्या सावल्या मास्कने झाकून तशाच ठेवल्या. नव्या आणि जुन्या सावलीमधली सीमारेषा पुसली जाईपर्यंत हे चालले. किती गडद करायचे, याचे माप हनुवटीखालच्या सावलीतून घेतले, कारण तिथेही थेट ऊन नव्हते आणि उजेड मुख्यतः जमिनीवरून व कपड्यांवरून उसळून येत होता. कपाळावरची उन्हाची चकाकी केवळ मंद करून भागत नाही, ती काढावीच लागते; तिच्याखालचा त्वचेचा पोत मी गालाच्या सावलीतल्या भागावरून भरला.

रंगाच्या बाबतीत काळा थर सर्वांत घातक. काठाने डोक्यावरचे निळे आकाश अडवले होते आणि पायवाटेची पिवळसर माती खालून उजेड देत होती, म्हणून सावलीचा रंग किंचित उबदार ठेवला. खालच्या पापण्या आणि भुवयांची खालची बाजू जराशी उजळ, तर हॅट कपाळाला जिथे टेकते तिथे एक अरुंद, सर्वांत गडद रेघ. ही रेघ नसेल तर हॅट चेहऱ्यापुढे तरंगताना दिसते.

दिग्दर्शकांनी चित्र पाहून विचारले, “अहो, नायक आहे तो, त्याचे डोळे दिसायला नकोत का?” बुबुळांतला सूर्याचा टोकदार ठिपका परत आणावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु डोळे सावलीत असताना तो ठिपका राहूच शकत नाही. त्याऐवजी बुबुळाच्या खालच्या अर्ध्या भागात पायवाटेच्या उजेडाचे मंद, पसरट प्रतिबिंब ठेवले आणि डोळ्यांचा पांढरा भाग हनुवटीखालच्या त्वचेपेक्षा थोडाच उजळ केला. त्याहून उजळ केले की डोळे मागून दिवा लावल्यासारखे दिसू लागतात, हे त्यांना दोन्ही प्रती शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा त्यांनी मंद प्रतच छपाईला दिली.