पंचावन्न फ्रेमचा उशीर

कॉलेजात चार वर्षं मी बॅडमिंटन खेळले, त्यामुळे टेनिसमध्ये जाळीजवळचा खेळ, म्हणजे टप्पा पडायच्या आत चेंडू मारायची व्हॉली, मला सहज जमेल असं वाटायचं. नजर तयार होती, हात झटकन पुढे जायचा. वयाच्या ४४व्या वर्षी नागपुरात अंबाझरीकडच्या आमच्या कॉलनीतल्या कोर्टवर सकाळी सहाला डबल्स खेळायला लागले तेव्हा शेजारच्या वहिनी माझ्या जोडीदार झाल्या. त्या मागून भक्कम खेळतात, म्हणून जाळी माझ्याकडे आली. आणि तिथेच आमचे गुण जायला लागले. साध्या वेगाने आलेला चेंडू माझ्या रॅकेटवरून कधी जाळीत जायचा, कधी अलगद वर उडून समोरच्यांना आयता मिळायचा, तर कधी फ्रेमवर खटकन आपटून बाजूच्या गुलमोहराखाली.

सगळे म्हणायचे, मनगट हलतं. ते खरंच होतं. बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमचीसुद्धा नसते आणि शटल जेमतेम ५ ग्रॅमचं, त्यामुळे तिथे मनगटाच्या झटक्यावर काम भागतं. माझी टेनिसची रॅकेट २८५ ग्रॅमची आहे आणि चेंडू ५७ ग्रॅमच्या आसपास. तो वेगाने येऊन तारांवर आदळतो तेव्हा सैल मनगट मागे ढकललं जातं, रॅकेटचं तोंड फिरतं. चेंडू तारांवर असतो सेकंदाचा दोनशेवा भाग, म्हणजे त्या वेळात सुधारणा करायला वावच नाही. आणि तोंड ५ अंशांनी जरी फिरलं, तरी १२ मीटर पलीकडे चेंडू मीटरभर तरी चुकीच्या जागी पडतो.

मग मी मनगट आवळलं. दोन महिने रॅकेटची मूठ अशी घट्ट धरून खेळले की घरी आल्यावर पोळ्या लाटताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ यायची. फिजिओथेरपिस्टकडे गेले, तीन आठवडे खेळ बंद. त्यांनी एक गोष्ट फार नीट समजावली. मूठ सतत आवळली की कोपरापासून खांद्यापर्यंत सगळा हात ताठतो आणि ताठ हात उशिरा हलतो. मनगट घट्ट हवं ते चेंडू लागतो त्या क्षणापुरतं. एरवी रॅकेट फक्त पडणार नाही इतपत धरायची, डाव्या हाताने तिच्या गळ्याला आधार द्यायचा, आणि चेंडू लागताना करंगळी, अनामिका आणि मधलं बोट आवळायचं. ही तीन बोटं आवळली की मनगट आपोआप स्थिर होतं. घरी रॅकेट धरून करून पाहा, हातातच कळेल.

तीन आठवड्यांनी परत आले, बोटं बरोबर आवळत होते, तरी दर तीन-चार चेंडूंमागे एकदा मनगट झटकलंच. तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे काका बाकावर बसून पाहत होते. त्यांनी तरुणपणी खूप टेनिस खेळलंय, आता गुडघ्यांमुळे फक्त पाहतात. ते म्हणाले, "ताई, तुम्ही मनगटाशी काहून भांडून राहिल्या? हात बिचारा शेवटी धावून येते. पाय कुठे आहेत ते पाहा ना."

दुसऱ्या दिवशी मुलीला पहाटे उठवून नेलं आणि तिने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने, आमचे चेंडू टिपले. घरी येऊन मी एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजत बसले. समोरच्या ताईंनी बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या अगदी मागच्या रेषेवरून, चेंडू मारला ती फ्रेम शून्य धरली. मी जाळीपासून अडीच मीटरवर उभी होते आणि माझ्या रॅकेटला चेंडू लागला १७०व्या फ्रेमला. म्हणजे एकूण वेळ साधारण ०.७ सेकंद. चेंडूकडे झेपावण्याआधी जागच्या जागी घ्यायची माझी छोटी उडी मात्र चेंडू निघून गेल्यावर सुरू होत होती आणि माझे पाय जमिनीला टेकत होते ५५व्या फ्रेमला. सेकंदाचा जवळजवळ चौथा भाग मी हवेत किंवा हवेत जायच्या तयारीत घालवत होते, आणि हवेत असताना माणूस दिशा बदलू शकत नाही. उरलेल्या वेळात खांदा वळवून एक पाऊल टाकायचं, ते व्हायचं नाही. मग चेंडू शरीराच्या बाजूला, थोडा मागेच गाठायला लागायचा आणि तिथून तो पुढे ढकलायला मनगटाशिवाय दुसरं काही उरायचंच नाही. मनगटाला मी दोन महिने उगाच शिक्षा दिली होती.

ही छोटी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप, मला माहीत नव्हती असं नाही. बॅडमिंटनमध्येही ती असते. दोन्ही पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद टेकवत, गुडघे वाकवून चवड्यांवर उतरायचं, की त्या उतरण्याच्या जोरावर कुठल्याही बाजूला झेप घेता येते. माझी चूक होती ती खूण पकडण्यात. मी चेंडू मारल्याचा 'टप्प' आवाज आला की उडी मारायचे. आवाज ऐकून शरीर हलायलाच वेळ जातो. म्हणून उडीची खूण आधीची हवी. समोरच्याची रॅकेट मागे जाऊन पुढे यायला लागली की आपण जमीन सोडायची, म्हणजे चेंडू तिच्या तारांवरून निघतो तेव्हा किंवा त्याच्या किंचित नंतर आपण टेकतो. पाय जमिनीत रुततात आणि डोळ्यांना दिशा कळते, ती एकाच वेळी. फार लवकर टेकलं तर उतरण्याचा जोर विरून जातो आणि आपण पुन्हा खिळल्यासारखे उभे राहतो, म्हणजे लवकर उडी मारणं हाही उपाय नव्हे. उडीही इंच-दोन इंचांपेक्षा जास्त नको, उंच गेलं की उतरायला वेळ लागतो.

हे अंगात मुरवायला काकांनी मला आठवडाभर रॅकेट हातात घेऊच दिली नाही. पहिले दोन दिवस नुसतं बाकावर बसवलं. समोर दुसरी मंडळी खेळताहेत, आणि मी प्रत्येक फटक्याला रॅकेट पुढे निघाली की टाच उचलायची, चेंडू लागला की टेकवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी मी प्रत्येक वेळी मागे पडत होते. काही जण मोठा झोका घेऊन सावकाश मारतात, एक दादा स्लाइस करताना रॅकेट मध्येच अडवून धरतात. प्रत्येकाची लय वेगळी असते, आणि ती मी आजवर पाहिलीच नव्हती, कारण माझी नजर फक्त चेंडूवर असायची. पुढचे दिवस जाळीजवळ रिकाम्या हाताने उभी राहिले. टेकताना तोंडाने "हं" म्हणायचं आणि चेंडू येईल त्या बाजूला एक पाऊल टाकून तो तळहाताने अडवायचा. "हं" आणि 'टप्प' एकत्र ऐकू आले की बरोबर. वेगळे ऐकू आले की काका बाकावरूनच सांगायचे, "मागून गेलं."

सर्वात अवघड गेलं ते सर्व्हिस लाइनकडून जाळीकडे येतानाचं. सर्व्हिस लाइन जाळीपासून ६.४० मीटरवर. माझा हट्ट असायचा की आधी जाळी गाठायची, मग थांबायचं. पण समोरची व्यक्ती चेंडू मारते तेव्हा आपण जिथे असू तिथेच टेकायला हवं, मग ती जागा कितीही अडचणीची असो. धावत असताना आलेला चेंडू फक्त समोरच्या रेषेत असेल तरच मिळतो. थांबून, टेकून, मग पुढे दोन पावलं टाकत व्हॉली मारली तर दोन्ही बाजूंचे चेंडू गाठता येतात.

रॅकेट परत हातात आली तेव्हा हाताचं काम चकित होण्याइतकं कमी उरलं होतं. पकड कॉन्टिनेंटल, म्हणजे हातोडी धरतो तशी, फोरहँड आणि बॅकहँड दोन्हीला तीच, कारण बदलायला वेळ नसतो. काकांनी मला पाठ कुंपणाच्या जाळीला लावून उभं केलं आणि वहिनींना हाताने चेंडू टाकायला सांगितलं. रॅकेट मागे गेली की कुंपणावर वाजायची. दोनेक दिवसांत वाजणं थांबलं. मागे नेणं नाहीच, खांदे वळले की रॅकेट आपोआप वीतभर मागे जाते, तेवढंच. मग विरुद्ध पाय पुढे टाकत दीड वीत पुढे ठोसा आणि तिथेच थांबायचं. चेंडू शरीराच्या पुढे, डोळ्यांना तारा दिसतील अशा जागी लागायला हवा. रॅकेटचं डोकं मनगटाच्या वर, तोंड किंचित उघडं. जोर पावलातून आणि खांद्यातून येतो. वेगवान चेंडूला तर ठोसाही नको, नुसती बोटं आवळून समोर धरली तरी तो आपल्याच वेगाने परत जातो.

चुकलं की नाही हे ओळखायची खूण मला फार कामाची वाटते. व्हॉली मारून झाली की तिथेच गोठायचं आणि रॅकेटकडे पाहायचं. डोकं मनगटाच्या खाली पडलं असेल किंवा तोंड डाव्या खांद्यापर्यंत वळलं असेल, तर मनगट मध्ये आलं. आणि तसं झालं की मी आता हात तपासत नाही, आधी स्वतःला विचारते की टेकले कधी.

सहा आठवड्यांनी डिसेंबरात मुलीने पुन्हा चित्रण केलं. त्यातला एक चेंडू मी अजून जपून ठेवलाय. ताईंनी बेसलाइनवरून माझ्या बॅकहँडला, जाळीच्या मधोमध जिथे ती ९१ सेंटिमीटरच असते, तिथून सपाट फटका मारला. मी टेकले १०व्या फ्रेमला. ४५व्या फ्रेमपर्यंत खांदे वळलेले, उजवा पाय हवेत. चेंडू लागला तेव्हा तो माझ्या उजव्या गुडघ्याच्या हातभर पुढे होता. रॅकेट मनगटासकट एका ओळीत पुढे सरकली आणि थांबली. चेंडू दोन खेळाडूंच्या मधून बुटका उसळत गेला. वहिनी मागून ओरडल्या, "अहो, हेच तर पायजे होतं!"

गुडघ्याखालचा चेंडू मात्र अजून जमत नाही. तिथे रॅकेट खाली न्यायची नसते, अख्खं शरीर गुडघ्यात वाकवून खाली न्यायचं असतं, आणि माझे गुडघे अर्ध्यावर थांबतात, मग रॅकेटचं डोकं लोंबतं आणि जुनं मनगट परत येतं. फार हळू येणारा उंच चेंडूही फसवतो. तिथे वेळ इतका मिळतो की हात आपसूक मोठा झोका घ्यायला जातो. आता उन्हाळा लागलाय, आम्ही साडेपाचलाच कोर्टवर असतो, गरम हवेत चेंडू जास्त झपाट्याने येतो आणि माझं टेकणं पुन्हा पाच-सात फ्रेमने मागे गेलंय. रविवारी मुलीला परत उठवणार आहे.