टेम्प्लेटचे रंग बदलताना खरी गाठ पडते ती फोटोवरच्या पडद्याशी

सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याच्या सोशल मीडियाच्या पोस्ट मी करते. त्यांच्या पुड्यांवर वर्षानुवर्षं दोनच रंग आहेत, हळदीचा पिवळा आणि गडद मरून. यंदा सणांच्या पोस्टसाठी कॅन्व्हावर बारा पानांचं एक तयार टेम्प्लेट घेतलं. मांडणी मस्त, पण रंग सगळा गडद निळा-हिरवा, दातांच्या दवाखान्याला शोभेल असा.

आधी `Brand Kit`, म्हणजे ब्रँडचे रंग साठवायची जागा, भरून घेतलं. पुडीचा मोबाईलवर फोटो काढून त्यातून रंग उचलायचा मोह होतो, पण ट्यूबलाइटखाली तोच पिवळा हिरवट येतो आणि उन्हात नारिंगी. म्हणून पुडी छापणाऱ्याकडून मूळ फाइल मागवली आणि कोड तिच्यातून घेतले: पिवळा `#E3A008`, मरून `#5A1A1A` आणि तिसरा सायीसारखा पांढरा `#FFF8E7`.

झटपट रस्ता म्हणजे `Design` मधला `Styles` टॅब. तिथं आपल्या रंगांच्या पट्टीवर क्लिक केलं की पान रंगतं, `Apply to all pages` दाबलं की सगळी पानं. पुन्हा क्लिक केलं की तेच रंग जागा बदलून बसतात. गंमत म्हणून बघायला छान आहे. पण मथळ्याला कुठला रंग आणि फोटोवर अंथरलेल्या अर्धपारदर्शक रंगाच्या पडद्याला कुठला, हे तिथं आपण ठरवत नाही. माझ्या चौथ्या पानावर फोटोवरचा अर्धपारदर्शक चौकोन पिवळा झाला आणि त्यावरची पांढरी अक्षरं दिसेनाशी झाली.

याचं कारण साध्या गणितात आहे. पडदा ६० वर ठेवला, तर दिसणारा रंग म्हणजे ६० टक्के पडद्याचा आणि ४० टक्के खालच्या फोटोचा. (स्लायडरचं नाव `Transparency` असलं तरी तिथं १०० म्हणजे पूर्ण घट्ट रंग, हे लक्षात ठेवायचं.) फोटोचा सगळ्यात उजळ, पांढरा भाग धरला तर आमचा पिवळा त्यावर साधारण `#EEC66B` होतो. पांढऱ्या अक्षरांचा त्याच्याशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर, भरतो जेमतेम १.६. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराला ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ लागतो. मरून पडदा ६० वर ठेवला तर कॉन्ट्रास्ट चारच्या आसपास जातो, म्हणजे मथळ्याला चालेल, पण खालच्या बारीक भावपट्टीला नाही. ७५ वर नेला की सहाच्या पुढे जातो. मूळ टेम्प्लेटचा पडदा गडद होता म्हणून पांढरी अक्षरं वाचता येत होती. त्यामुळे त्याच्या जागी मरूनच हवा होता. पिवळाच हवा असेल तर अक्षरं मरून करायची, मग फोटोच्या पांढऱ्या भागावर कॉन्ट्रास्ट आठच्या वर जातो, पण गडद भागावर तो बराच कमी होतो.

तेव्हा `Styles` ने केलेलं सगळं मागे घेतलं आणि एकेक रंग हातानं बदलला. गडद निळ्या-हिरव्या मथळ्यावर क्लिक करून त्याला ब्रँडचा मरून दिला की रंगांच्या पॅनेलच्या तळाशी `Change all` येतं. ते दाबलं की तो रंग असेल तिथं, सगळ्या पानांवर मरून होतो. पडद्याचा रंगही तोच असेल तर तोही बदलतो आणि त्याची पारदर्शकता आहे तशीच राहते. मी पाळलेला नियम एकच: गडदाच्या जागी गडद, फिक्याच्या जागी फिका. कुठला रंग जास्त आवडतो यावर जायचं नाही.

पण `Change all` ला अगदी तोच कोड लागतो. टेम्प्लेट बनवणाऱ्यानं कुठं `#0B3C49` वापरला होता, तर कुठं डोळ्याला तसाच दिसणारा `#0C3D4A`. दुसरा जागच्या जागी राहिला. हे शोधायला पॅनेलमधला `Document colors` हा भाग बघायचा. डिझाइनमध्ये वापरलेले रंग तिथं दिसतात. जुन्या रंगाची चकती तिथं अजून असेल, तर तो कुठंतरी दडलेला आहे.

एवढं करूनही तीन पानांवर निळी झाक राहिलीच. झाक फोटोवर तीन प्रकारे आलेली असू शकते आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. क्लिक केल्यावर वरच्या पट्टीत रंगाचा चौकोन आला, तर तो सुटा आकार आहे. बाजूला ओढला की झाकही त्याच्याबरोबर सरकते, त्याचा रंग सरळ बदलता येतो. क्लिक केल्यावर फोटोच निवडला गेला, तर त्याच्या `Edit` मध्ये जाऊन फोटो दोनच रंगांत रंगवणारा `Duotone` लावलाय का ते बघायचं. तिथले सावलीचे आणि उजेडाचे रंग वेगळे निवडावे लागतात. आणि तिथंही काही लावलेलं नसेल, तर झाक फोटोच्या फाइलमध्येच भाजलेली आहे. तिला कुठलंच बटण लागू पडत नाही, फोटोच बदलायचा.

`Duotone` मी एकाच ठिकाणी ठेवलं, सांगलीजवळच्या हरिपूरच्या, हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवाच्या जुन्या, आधीच काळपट झालेल्या फोटोवर. सावलीला मरून आणि उजेडाला सायीचा पांढरा दिल्यावर पेवाचं तोंड आणि भोवतीची माती छान उठून आली. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांचं मोठं नुकसान झालं, त्यामुळे तिथल्या जुन्या फोटोला इकडं वेगळाच मान आहे.

खुद्द हळदीच्या फोटोंचं मात्र वेगळं होतं. मरून पडदा ७५ वर ठेवल्यावर अक्षरं झकास वाचता येत होती. तसं पान व्यापाऱ्यांना पाठवलं तर लगेच फोन आला, "ओ ताई, हळद शिळी दिसाय लागलीय की आमची!" आणि त्यांचं बरोबरच होतं. पिवळ्यावर मरून चढला की तपकिरी होतो आणि गिऱ्हाईक आधी रंगच बघतं. राजापुरी हळदीचा रंगच झाकला तर पोस्ट करायची कशाला? पिवळा पडदाही उपयोगाचा नाही, त्यात हळद आणि मागची भिंत एकाच रंगात बुडतात.

मग त्या पानांवरून पूर्ण पडदा काढून टाकला. `Elements` मध्ये `gradient fade` शोधलं की एका बाजूनं विरत जाणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्यातली रंग बदलता येणारी एक घेऊन तिला मरून दिला आणि फोटोच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवली. घट्ट बाजू खाली. हळदीचा ढीग वर स्वच्छ राहिला आणि भाव खालच्या गडद भागात आला. एक काळजी घ्यावी लागली, अक्षरांची वरची ओळ पट्टी विरायला लागते त्याच्या खालीच हवी. ती वर सरकली की अर्धी ओळ वाचता येते आणि अर्धी नाही. फोनचा ब्राइटनेस कमी करून बघितलं की हे चटकन कळतं.

पुढं भाव बदलायचं काम व्यापाऱ्यांचा मुलगाच करणार, मार्केट यार्डातले सौदे झाले की. म्हणून फोटो आणि पट्टी दोन्ही `Lock` करून दिलं आणि फक्त भावाची चौकट मोकळी ठेवली. फाइलची एक प्रत मूळ रंगांत माझ्याकडे आहे. पुढच्या गिऱ्हाइकाचं काम तिच्यावरून सुरू करेन, मरून झालेल्या प्रतीवरून नाही. कारण आता मथळा, पडदा आणि किनार तिन्हींचा कोड एकच झालाय आणि `Change all` त्यांना वेगळं करू शकत नाही.