गर्दी नव्हतीच

सकाळी आईला दवाखान्यातून घेऊन येताना गाडी जुन्या गल्लीत वळली. म्हणजे मीच वळवली असणार, दुसरं कोण वळवणार, पण वळवायची असं मनात काही आलं नव्हतं. आईनं मागून विचारलं, "इकडून कामून घेतलास रे?" आणि मी सेकंदभरही न थांबता म्हणालो, "गोलाईच्या बाजारात लय गर्दी असती या टायमाला." ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आज तर बाजार बंद हाय की."

बस्स, एवढंच झालं. पुढं आण्णांचं घर आलं, दारात नवा लोखंडी गेट लागलाय, मी बघितलं, तिनंही बघितलं असणार. आण्णांचा विषय ना तिनं काढला ना मी.

पण दिवसभर ती गर्दी डोक्यातून जाईना. खोटं बोललो असतो तर बरं वाटलं असतं. खोटं बोलताना आपल्याला आतून खरं माहीत असतं. मला माहीत नव्हतं. गर्दी म्हणालो तेव्हा मला खरंच गर्दी दिसत होती, हातगाडे, रिक्षा, सगळं. बाजार बंद असलेल्या दिवशी.

आणि गंमत बघा, मागच्याच आठवड्यात बॅचला मेंदूचा चॅप्टर घेतला होता. फळ्यावर मेंदूचे दोन अर्धे भाग काढले, मधे कॉर्पस कॅलोसमचा जाड पट्टा, वीसेक कोटी तंतू असतात त्यात, पोरांनी लिहून घेतलं. एकानं विचारलं, सर मी राईट ब्रेनवाला आहे, मला मॅथ्स कसं जमणार. त्याला म्हणालो असं काही नसतं बाबा, दोन्ही बाजू सगळ्यांच्याच चालू असतात, तू गणितं सोडव. मग त्यांना ती कोंबडीची गोष्ट सांगितली, परीक्षेला येत नाही तरी दर वर्षी सांगतो. पोरं हसली, मीही हसलो.

गोष्ट अशी. काही जणांचे फिटचे झटके औषधानं थांबतच नाहीत, आणि झटका एका बाजूनं सुरू होऊन त्या पट्ट्यावरून दुसरीकडं पसरतो. म्हणून पट्टाच कापायचा. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात असे पेशंट स्पेरी आणि त्यांचा विद्यार्थी गॅझानिगा यांनी तपासले, स्पेरींना १९८१ ला नोबेल मिळालं. नवल म्हणजे ऑपरेशननंतर माणूस अगदी साधा दिसतो. बोलतो, चालतो, घरच्यांना फरक कळणंही अवघड. कारण डोळे सारखे फिरत असतात, त्यामुळं समोरचं सगळं दोन्ही अर्ध्यांना आपोआप मिळत राहतं, आणि खालचा मेंदूचा देठ तर अख्खाच असतो. फट दिसायला युक्ती करावी लागते. पडद्याच्या मधे एक ठिपका, त्याच्यावर नजर ठेवायची, आणि ठिपक्याच्या एका बाजूला चित्र इतकं झटकन दाखवायचं की डोळा तिकडं वळेपर्यंत ते गेलेलं असतं. ठिपक्याच्या डावीकडचं फक्त उजव्या अर्ध्याला जातं, उजवीकडचं फक्त डाव्याला. आणि बोलणं बहुतेकांचं डाव्या अर्ध्यात असतं. म्हणून डावीकडं चित्र आलं की पेशंट म्हणतो, काहीच दिसलं नाही. पण त्याचाच डावा हात, जो उजव्या अर्ध्याच्या ताब्यात असतो, तो टेबलावरच्या वस्तूंतून बरोबर तीच वस्तू उचलतो.

१९७० च्या दशकात गॅझानिगा आणि लदू यांनी पी. एस. नावानं ओळखला जाणारा एक पोरगा तपासला, व्हर्माँटचा. त्याला एकाच वेळी दोन चित्रं दाखवली. डाव्या अर्ध्याला कोंबडीचा पाय, उजव्याला बर्फानं भरलेलं अंगण. समोर कार्डं मांडलेली, जुळणारं दाखव म्हणाले. उजव्या हातानं कोंबडी दाखवली, डाव्यानं फावडं, बर्फ उपसायचं. दोन्ही बरोबर. मग विचारलं, हे का निवडलंस?

आता बर्फ बघितलेला अर्धा बोलू शकत नाही, आणि बोलणाऱ्या अर्ध्यानं बर्फ बघितलेलाच नाही. त्याला फक्त एवढं दिसतंय की आपला डावा हात फावड्यावर आहे. तो म्हणू शकला असता, मला माहीत नाही. तसं नाही म्हणाला. सरळ सांगितलं की पाय कोंबडीचा, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की. अडखळला नाही, विचार केल्यासारखंही केलं नाही.

गर्दी असती या टायमाला.

गॅझानिगांनी डाव्या अर्ध्यातल्या ह्या कारभाऱ्याला इंटरप्रिटर म्हणलं, दुभाष्या म्हणू आपण. त्यांचं म्हणणं, तो सगळ्यांच्यात असतो. हात आधी वळतो, कारण मागून येतं, आणि येताना असं येतं की जणू तेच पुढं होतं.

मग काय, दुपारभर बसून जुनी कारणं काढली. पुण्याची नोकरी का सोडली, तर आईची तब्येत. आण्णांना फोन का नाही, तर तेच करत नाहीत. वाटणीच्या दिवशी का गेलो नाही, तर बॅच होती. सगळी कारणं कशी चटकन, घडी मारून ठेवल्यासारखी. चाळीस वर्षं माझ्या नावानं कोण बोलायलाय आणि दुसरा एखादा मुकाट बसलाय का आत, ज्याला नुसते हात वळवता येतात. लय वाईट वाटलं स्वतःचं. जेवण पण गेलं नाही, म्हणजे थालीपीठ गेलं, एकच.

रात्री जरा डोकं थंड झाल्यावर कळलं की हेही जरा जास्तच झालं. माझा पट्टा शाबूत आहे. आत मुका भाऊ कोंडलाय वगैरे नाटक मला लागू होत नाही. पेशंटनासुद्धा कितपत लागू होतं यावर वाद आहे. स्पेरींना वाटायचं तिथं दोन जाणिवा होतात. पण २०१७ ला पिंटो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन पेशंट तपासले, तर पडद्यावर कुठंही काही आलं की ते आलं, आणि कुठं आलं, हे ते कुठल्याही हातानं किंवा तोंडानंही सांगत होते. फक्त डावीकडचं आणि उजवीकडचं चित्र सारखं आहे का, हे जुळवता येत नव्हतं. म्हणजे बघणं दुभंगलेलं, बघणारा मात्र बहुतेक एकच. असे पेशंट जगात मोजकेच, आता औषधं सुधारल्यानं ऑपरेशनही क्वचित होतं, त्यामुळं हा वाद लवकर मिटेल असं वाटत नाही.

आणि दुभाष्याचं तरी काय चुकलं. त्याला विचारलं, त्यानं हाताशी होतं ते सांगितलं. गरीब बिचारा, पगार पण नाही. मी वर्गात उत्तर येत नसलं की हेच करतो.

तरी पण आण्णा... जाऊ दे.

मघाशी आईची गोळी द्यायला गेलो तर म्हणाली, गुरुवारी परत दाखवायला जायचंय ना, येताना त्याच गल्लीतून घे. मी विचारलं, कामून गं?

म्हणाली, "तिकडं गर्दी नसती."