मॅक्स पूलिंग "किती" विचारत नाही, "आहे का" विचारतं: कास्टिंग ओळखायच्या मॉडेलचा माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंग झालं की कास्टिंग मिक्स होऊन बाहेर येतात, फ्लँज, ब्रेक ड्रम, पंपाची बॉडी, बेअरिंग हाउसिंग, सगळं एकाच क्रेटमध्ये, आणि मशीन शॉपला जायच्या आधी ते वेगळं करावं लागतं. हे काम तिथं अण्णा बघतात. रंग सगळ्यांचा सारखाच राखाडी, त्यामुळं साध्या फोटोवर भागत नव्हतं, म्हणून बेल्टच्या वर डेप्थ कॅमेरा लावला आणि त्यातून जे पॉइंट क्लाऊड मिळतं त्यावरून कास्टिंग ओळखायचं मॉडेल मी केलं. हे करताना मॅक्स पूलिंग, म्हणजे सगळ्या बिंदूंमधला मोठ्यात मोठा आकडा तेवढा घेणं, नेमकं काय ठेवतं आणि काय टाकतं हे नीट कळलं, तेवढंच इथं लिहितोय.

पॉइंट क्लाऊड म्हणजे नुसती x, y, z ची यादी. फोटोत पिक्सेलला ठरलेली जागा असते, इथं तसलं काही नाही. तेच कास्टिंग परत बेल्टवरून आलं तर तेच बिंदू वेगळ्या क्रमानं येतील, आणि मॉडेलला त्यानं काडीचा फरक पडायला नको. क्रम लावून घ्यायचा, म्हणजे आधी x नं सॉर्ट करायचं वगैरे, हा विचार सगळ्यांनाच सुचतो. पण कास्टिंग जरा फिरलं किंवा बिंदू थोडे हलले की सॉर्ट केलेला क्रम पार बदलतो. स्टॅनफर्डच्या ग्रुपनं २०१७ च्या पॉइंटनेट पेपरमध्ये हे मोजूनच दाखवलंय, मॉडेलनेट४० या ४० प्रकारच्या वस्तूंच्या डेटावर सॉर्ट करून साधं नेटवर्क चालवलं तर अचूकता ४५ टक्के, आणि मॅक्स पूलिंगनं ८७.१ टक्के.

त्यांची युक्ती अशी की प्रत्येक बिंदूवर एकच छोटं नेटवर्क चालवायचं, सगळ्या बिंदूंना तेच वेट, म्हणून त्याला शेअर्ड लेयर म्हणायचं. ३ आकडे आत जातात, ६४, १२८ करत शेवटी १०२४ आकडे बाहेर येतात. मग प्रत्येक आकड्यासाठी सगळ्या बिंदूंमधला मोठ्यात मोठा घ्यायचा, की अख्ख्या कास्टिंगसाठी १०२४ आकड्यांची एकच ओळ उरते, आणि त्यावर नेहमीचे लेयर लावून क्लास ठरतो. कोडमध्ये गाभा एवढाच:

```python
x = pts.transpose(1, 2)
h = self.mlp(x)
g = h.max(dim=2).values
```

`pts` चा शेप `(B, N, 3)` आणि `mlp` मध्ये `nn.Conv1d(3, 64, 1)` सारखे लेयर. शेवटचा १ महत्त्वाचा, त्यामुळं एक बिंदू शेजारच्याकडं बघतच नाही.

अण्णांना हे सांगताना मी कागदावर तीन बिंदू घेतले. क (१, ०, ०), ख (०, ३, ०), ग (१, १, ४). आणि १०२४ आकड्यांच्या जागी दोनच आकडे, म्हणजे दोनच फीचर: पहिलं x + y, दुसरं z − x, ऋण आलं तर शून्य धरायचं. क ला मिळतात १ आणि ०, ख ला ३ आणि ०, ग ला २ आणि ३. मॅक्स घेतला तर (३, ३). कुठल्याही क्रमानं लिहा, (३, ३) च. अण्णांनी लगेच विचारलं, "मग क चं काय झालं रे? त्याला धरलंच नाहीस की तू." बरोबर आहे, क कुठंच जिंकला नाही, त्याला काढून टाकला तरी उत्तर तेच. मी म्हटलं, "अण्णा, आता ख दोनदा लिहून बघा." तरी (३, ३). सरासरी घेतली असती तर आधी (२, १) आणि ख दोनदा लिहिल्यावर (२.२५, ०.७५), म्हणजे कास्टिंग तेच आणि आकडे वेगळे.

तर मुद्दा हा, मॅक्स मोजत नाही. प्रत्येक फीचर एवढंच विचारतं की माझ्या आवडीच्या जागी एखादा तरी बिंदू आहे का. पुढं जे काही चांगलं घडलं आणि जे काही अडलं ते सगळं यातूनच आलं.

चांगली गोष्ट आधी. कॅमेऱ्यातून कधी जास्त बिंदू येतात कधी कमी, आणि बॅच करायला तर सगळ्यांचा आकडा सारखा लागतो. मी १०२४ ठेवला. बिंदू कमी पडले तर आहेत त्यातलेच परत घ्यायचे, रिझल्टवर परिणाम शून्य. मात्र शून्यानं भरायचं नाही, कारण (०, ०, ०) हा सुद्धा एक बिंदूच आहे, तो मधोमध बसतो आणि ज्या ड्रमच्या मध्यात खरं तर काहीच नाही तिथं काहीतरी आहे असं नेटवर्कला वाटतं. तसंच कॅमेऱ्याजवळच्या भागावर दाट बिंदू आणि उतरत्या कडेला विरळ, याचाही त्रास कमी होतो. त्याच पेपरमध्ये अर्धे बिंदू रँडम काढून टाकले तरी अचूकता ३.८ टक्केच घसरली असं दिलंय, त्याचं कारण हेच.

क्रमाचा फरक खरंच पडत नाही ना, ही टेस्ट मी प्रत्येक बदलानंतर चालवतो:

```python
model.eval()
p = torch.randperm(pts.shape[1])
print((model(pts) - model(pts[:, p])).abs().max())
```

शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ यायला पाहिजे. `eval()` नसेल तर ड्रॉपआउटमुळं उत्तर असंच हलत राहतं आणि टेस्टला अर्थ उरत नाही. या टेस्टमध्ये एक गोष्ट हमखास सापडते: कुणी `transpose` च्या जागी `view` किंवा `reshape` लिहिलं तर शेप बरोबर दिसतो, एरर येत नाही, ट्रेनिंगही चालू होतं, पण एका बिंदूचा x दुसऱ्याच्या y शेजारी जाऊन बसलेला असतो. लॉस थोडा उतरतो आणि अडकतो, माणूस लर्निंग रेट बदलत बसतो. क्रम बदलून बघितलं की दोन सेकंदात कळतं.

स्केलचं एक सांगायलाच पाहिजे. मॉडेलनेटवर प्रत्येक वस्तू मध्यावर आणून १ त्रिज्येच्या गोलात बसवतात, आणि ट्युटोरियलमधनं सगळे तेच उचलतात. खुर्ची आणि विमान ओळखायला ते ठीक आहे. इथं एकाच घाटाचे दोन ब्रेक ड्रम आहेत, एक मोठा एक लहान, आणि गोलात बसवले की दोघं अगदी एकच होतात. मग कुठलंही नेटवर्क आणा, ते वेगळे होणार नाहीत, कारण फरक नेटवर्कपर्यंत पोचतच नाही. म्हणून मी मध्यावर आणतो पण भागतो सगळ्यांना एकाच आकड्यानं, २५० मिलिमीटरनं.

आता अडलेलं. मॅक्स मोजत नाही म्हणजेच एकटा भटका बिंदू सुद्धा पुरतो. वरच्या कागदावर (९, ९, ०) असा एक फालतू बिंदू घाला, पहिलं फीचर ३ वरून थेट १८, ख चं म्हणणं पुसलं गेलं. डेप्थ कॅमेऱ्यात हे रोजचं आहे, कास्टिंगच्या कडेला अर्धा पिक्सेल लोखंडावर आणि अर्धा बेल्टवर पडतो आणि मधल्याच हवेत लोंबकळणारे बिंदू तयार होतात. मॉडेल मोठं करून फायदा नाही, ते बिंदू आधीच काढावे लागतात. ओपन३डी मध्ये `remove_statistical_outlier(nb_neighbors=20, std_ratio=2.0)` आहे, ज्या बिंदूचे शेजारी सरासरीपेक्षा फारच लांब आहेत ते उडवतं. फिल्टर जास्त कडक केलं तर पातळ कानही जातात, म्हणून थोडे क्लाऊड डोळ्यानं बघूनच ते आकडे ठरवायचे.

सगळ्यात उपयोगी पडलं ते कोण जिंकलं हे बघणं. `h.argmax(dim=2)` केलं की १०२४ फीचरपैकी प्रत्येकासाठी कुठल्या बिंदूनं मॅक्स दिला ते मिळतं. पेपरमध्ये यांना क्रिटिकल पॉइंट म्हटलंय. ते तेवढे लाल रंगवले आणि बाकीचे राखाडी ठेवले की कास्टिंगचा सांगाडा दिसतो, कडा, कान, बॉसची टोकं.

एका बेअरिंग हाउसिंगला मॉडेल परत परत पंपाची बॉडी म्हणत होतं. लाल बिंदू काढून बघितले तर त्यातले भरपूर एका बाजूच्या उंचवट्यावर गोळा झालेले. अण्णांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "अरे तो रायझरचा खुंट हाय, फेटलिंगला राहिलाय." म्हणजे रायझर तोडल्यावर उरलेला तुकडा ग्राइंड न होताच माल पुढं आला होता. आणि मॅक्सचा स्वभाव असा की बिंदू वाढवले तर फीचर वाढेल किंवा तेवढंच राहील, कधीच कमी होणार नाही, त्यामुळं जादाचा खुंट नेटवर्कला ठळक दिसतो. खुंटासकट कास्टिंगचे स्कॅन त्याच नावानं ट्रेनिंगमध्ये घातले, मग ते सुटलं. नुसता अचूकतेचा आकडा बघत बसलो असतो तर हे कारण कधीच कळलं नसतं.

कास्टिंग बेल्टवर कसंही वळून पडतं, त्यामुळं ट्रेनिंगमध्ये उभ्या अक्षाभोवती रँडम फिरवणं घातलं. पेपरमध्ये बिंदू सरळ करून घेणारी छोटी नेटवर्कही आहेत, त्यांनी ८७.१ चे ८९.२ होतात, पण माल सपाट बेल्टवरच असतो म्हणून मी ती घेतली नाहीत.

एक जोडी मात्र अजून सुटत नाही, ४ होलची आणि ६ होलची फ्लँज, बाकी सगळं सारखं. ढोबळ हिशोब मांडून बघा. २०० मिलिमीटर व्यासाची फ्लँज म्हणजे वरून साधारण ३१,४०० चौरस मिलिमीटर, त्यावर १०२४ बिंदू, म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला ३० चौरस मिलिमीटर. १४ मिलिमीटरचं होल म्हणजे १५४ चौरस मिलिमीटर, जवळपास ५ बिंदू. दोन होलचा फरक म्हणजे अख्ख्या क्लाऊडमध्ये १० बिंदू नाहीत एवढाच, आणि रँडम सॅम्पलिंगमध्ये तेवढी रिकामी जागा अशीही पडते. त्यात होलची कड दोन्हीकडं आहेच, "होलची कड आहे का" याला दोघंही हो म्हणणार, किती आहेत ते मॅक्स विचारत नाही. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला होलची आतली भिंतही नीट दिसत नाही.

बिंदू वाढवून थोडा फरक पडला, भरवसा ठेवण्याइतका नाही. पॉइंटनेटच्याच ग्रुपनं २०१७ मध्येच पॉइंटनेट++ काढलं, त्यात जवळजवळच्या बिंदूंचे गट करून प्रत्येक गटावर हेच शेअर्ड लेयर आणि मॅक्स चालवतात, म्हणजे निदान होलच्या आसपासचा भाग वेगळा बघितला जातो, ते आता लावून बघतोय. तोवर मॉडेल या दोन्ही फ्लँजना एकच क्लास देतं, माल एका ट्रेमध्ये जातो आणि होल अण्णांची माणसं मोजतात.