व्हॉल्व्हच्या बरोबर समोर

दीडशे सीसीची गाडी, मागचं चाक १७ इंची अलॉय, टायर १००/९०, ट्यूबलेस. पाच महिन्यांपूर्वी घेतलेला, वरची नक्षी जवळजवळ शाबूत. तक्रार अशी की ट्यूबलेस असूनही आत ट्यूब घालावी लागली, आणि महिन्याभरात ती दोनदा फुटली. गिऱ्हाइकाची खात्री होती की ट्यूबच बोगस मिळतात.

ट्यूब बाहेर काढली तेव्हा टायरमध्ये खिळा नव्हता, काच नव्हती, तारेचा तुकडाही नव्हता. ट्यूबला रिमच्या बाजूने जेमतेम सेंटिमीटरभर, चंद्रकोरीसारखा काप होता. खिळ्याचं भोक बाहेरच्या, रस्त्याकडच्या बाजूला असतं. खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिमटली तर दोन समांतर काप पडतात. रिमच्या अंगाला एकटाच चंद्रकोरी काप दिसला की तो बहुतेक वेळा लिव्हरच्या, म्हणजे टायर चढवायच्या लोखंडी पट्टीच्या टोकाचा असतो. असा काप बसवतानाच अर्धवट पडतो, दुकानात हवा धरतो आणि दोन-चार दिवसांनी चालत्या गाडीत उलगडतो. मग दोष ट्यूबवर जातो.

ट्यूब रिमवर ठेवून पाहिली तर काप व्हॉल्व्हच्या बरोबर समोर, चाकाच्या पलीकडच्या टोकाला येत होता. त्याच जागी अलॉयच्या कडेवर लिव्हरचे खोल ओरखडे होते, आणि टायरच्या बीडचं, म्हणजे रिमवर बसणाऱ्या काठाचं रबर फाटून आतले धागे दिसत होते. तिन्ही खुणा एकाच जागी असल्या की टायर कसा बसवला ते कोणी सांगावं लागत नाही.

बीडच्या आत पोलादी तारांचं कडं असतं, ते ताणत नाही. रिमची कड मात्र बीडपेक्षा व्यासाने साधारण पावणेतीन सेंटिमीटर मोठी असते. न ताणणारं कडं मोठ्या कडेवरून जातं कसं? रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. समोरच्या बाजूचा बीड त्या खोलगटात उतरला की इकडे तेवढी ढील मिळते. लिव्हर ही ढील वापरते, निर्माण करत नाही. ज्याला हे कळलंय तो दोन हातांनी टायर चढवतो, ज्याला कळलं नाही तो तिसऱ्या माणसाला लिव्हरवर उभा करतो.

आता ट्यूब असली की व्हॉल्व्हच्या बुडाशी जाड रबराची गादी असते. ती नेमकी त्या खोलगटात बसते, त्यामुळे तिथे बीड खाली उतरत नाही. टायर चढवण्याचा शेवट व्हॉल्व्हच्या समोर करायचा ठरवला तर ढील मिळणार व्हॉल्व्हपाशीच, आणि तिथेच ती अडलेली. उरलेला बीड मग जोरावर चढवावा लागतो. म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची, दोन्ही बाजूंनी पुढे येत शेवट व्हॉल्व्हपाशी. या टायरवर कोणीतरी नेमकं उलटं केलं होतं, तेही दोनदा.

ट्यूब घालताना आम्ही तिच्यात जेमतेम गोलाई येईल इतकीच हवा ठेवतो. अगदी रिकामी ट्यूब घडी होऊन बीडखाली सरकते, जास्त भरलेली लिव्हरच्या टोकाखाली येते. व्हॉल्व्हचा नट दोन आटेच फिरवायचा. लिव्हरचं टोक बीडखाली अडकेल इतकंच आत घालायचं, आणि एका वेळी दोन-तीन बोटांएवढाच टायर उचलायचा. हातभर एकदम उचलायची घाई इथेच नडते. लिव्हर उभी झाली की थांबायचं. त्यापुढे ढकलली तर आतलं टोक वर फिरतं आणि ट्यूबला रिमवर दाबतं. शेवटच्या वीतभर भागाआधी व्हॉल्व्ह आत ढकलून पाहायचा. तो मोकळा आत-बाहेर होत असेल तर ट्यूब बीडखाली अडकलेली नाही.

जोर लागायला लागला की जोर वाढवायचा नाही, हात थांबवायचा. समोर जाऊन गुडघ्याने बीड पुन्हा खोलगटात दाबायचा, साबणाचं पाणी लावायचं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल मुळीच नको, रबर खराब होतं आणि टायर रिमवर फिरतो. कडेला ओरखडे पडू नयेत म्हणून जाड प्लॅस्टिकच्या कॅनचे तुकडे कापून लिव्हरखाली घातले तरी काम भागतं.

मला खरा राग पुढच्या गोष्टीचा आला. मुळात ट्यूब का घातली? "रोज थोडी हवा जायची, रिम वाकलीय म्हणाले." चाक फिरवून पाहिलं, रिम सरळ होती. बीड बसतो त्या पट्टीवर मात्र पांढरी खरखरीत पूड साठली होती. ॲल्युमिनियमला पाणी आणि माती लागून असं होतं, आणि त्या खरखरीतून हवा झिरपते. चाकाच्या कडेने साबणाचं पाणी फिरवलं असतं तर बारीक बुडबुडे दिसले असते. टायर उतरवून ती पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासायची, कोरड्या फडक्याने पुसायची, नवा रबरी व्हॉल्व्ह टाकायचा. अर्ध्या तासाचं काम. पण ट्यूब विकली की पैसे लगेच हातात पडतात.

शिवाय ट्यूबलेस रिमचं भोक रबरी व्हॉल्व्हसाठी साधारण ११ मिलिमीटरचं असतं आणि ट्यूबचा पितळी दांडा ८ चा. तो त्या भोकात तिरका होतो, बुडाशी चिरतो. ट्यूब फाटली की त्या फटीतून हवा झपकन जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर बहुधा हळू जाते.

आता पेच असा होता की रिम साफ करून मूळ दोष गेला असता, पण टायर वाया गेला होता. बीडच्या वरवरच्या रबराला किरकोळ खरचटलं असेल तर टायर चालतो. धागे किंवा तार दिसली की संपलं. हवा तिथे धरत नाही, पाणी शिरून तार गंजते, आणि बीडला पॅच मारता येत नाही. "पुन्हा ट्यूब घाला की, नक्षी तर नवी आहे," असं गिऱ्हाईक दोनदा म्हणालं. मी नाही म्हटलं. पटलं की कंटाळले, कळलं नाही, पण नवा टायर घेतला.

तो लिव्हरनेच चढवला. बाण फिरण्याच्या दिशेला, रंगीत ठिपका व्हॉल्व्हपाशी, शेवट व्हॉल्व्हजवळ. व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरली, म्हणजे ती जोरात आत जाते. टप् टप् असे दोन आवाज आले, दोन्ही बीड बसले. चाळीस पीएसआयपर्यंत बसले नाहीत तर हवा सोडून पुन्हा साबण लावायचा, वर चढवत जायचं नाही. टायरच्या कुशीवर रिमलगत बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली, मग पिन लावून दाब कंपनीच्या स्टिकरवरच्या आकड्यावर आणला.

जुना टायर त्यांनी मागून घेतला, ट्यूब घालणाऱ्याला दाखवायला. तिथे काय ऐकायला मिळणार ते मला माहीत आहे: "साहेब, टायरच खराब निघाला."