वहिनीच्या नऊवारीचा बायो

माझी वहिनी डोंबिवलीत घरून नऊवारी शिवते. गिऱ्हाईक साडी आणून देतं, ती काष्टा, निऱ्या, पदर सगळं मापात बसवून देते, नेसताना परकरासारखी कमरेला बांधायची की झालं. इन्स्टाग्रामवर तिच्या फोटोंना लाइक भरपूर, मात्र चौकशीला आलेल्यांपैकी निम्म्यांना साडी विकत हवी असायची. बायोत भाच्याने लिहिलं होतं, ‘परंपरेला आधुनिकतेचा साज, प्रत्येक टाक्यात प्रेम’. वाचून कोणाला कळणार की इथे साडी मिळत नाही, शिवून मिळते?

“भावोजी, तुम्हीच लिहा आता,” म्हणून काम माझ्याकडे आलं.

लिहायला बसण्याआधी मी तिचा इनबॉक्स उघडला आणि लोक पहिला प्रश्न काय विचारतात तेवढंच वहीत उतरवत गेलो. फिरून फिरून तेच यायचे: साडी तुमची की आमची? सहावारीची होते का? कुठे राहता? पुण्याला पाठवाल का? किती दिवस लागतील? ‘किती वर्षांचा अनुभव’ असं विचारणारं जवळजवळ कोणीच नव्हतं, त्यामुळे ‘दर्जेदार’, ‘खात्रीशीर’ वगैरे मंडळींना तिथेच रजा दिली.

बायोला 150 अक्षरांची मर्यादा आहे, आणि मराठीत ती दिसते त्यापेक्षा लवकर संपते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘डोंबिवली’ डोळ्यांना चार अक्षरी, मोजणीत आठ. म्हणून गाव बायोत एकदाच घ्यायचं ठरवलं आणि बाकीचा भार नावाच्या रकान्यावर टाकला. ठळक दिसणारं ते नाव, हँडल नव्हे. त्यात 64 अक्षरं बसतात आणि शोधताना इन्स्टाग्राम तेही बघतं. वहिनीने तिथे स्वतःचं नाव-आडनाव ठेवलं होतं. अनोळखी बाई आडनाव कशाला शोधेल? शोधणाऱ्या बहुतेकजणी इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करतात, म्हणून तिथे `Nauvari Stitching Dombivli` टाकलं. हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग आधीच तपासून घ्यावं.

पहिला मसुदा होता ‘पारंपरिक नऊवारी साड्या, सर्व प्रकार’. ऑफिसात वहिनीला न ओळखणाऱ्या एका सहकाऱ्याला मोबाइल दाखवला, पाचेक सेकंदांत काढून घेतला आणि विचारलं, इथे काय मिळतं? “साड्यांचं दुकान ना?” ‘आवडलं का’ असं विचारलं असतं तर छान म्हणून मोकळा झाला असता. ‘साड्या’ हे नाम आलं की माणूस दुकानच समजतो. क्रियापद हवं होतं, आणि साडी कोणाची तेही. शेवटी हे ठरलं:

```
तुमच्या साडीची नऊवारी शिवून देतो
पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी
डोंबिवली पूर्व, बाहेरगावी कुरिअरने
साधारण 8 दिवस, लग्नसराईत 15
माप देण्यासाठी लिंक
```

ओळी बदलण्याचे धरून 142 अक्षरं. ‘तुमच्या साडीची’ या दोन शब्दांनी विकत घेणाऱ्या बाजूला झाल्या, आणि सहावारीवाल्यांनाही आपली साडी आणण्याचा धीर आला. प्रकारांची ओळ जाणकारांसाठी आहे. जिला पेशवाई हवी ती तोच शब्द शोधत येते. मजकूर लांबला की शेवटचा भाग ‘more’ मागे लपतो, म्हणून कामाची ओळ सगळ्यात वर आणि लिंकची खाली. ती लिंक कंबर, सीट, उंची विचारणाऱ्या फॉर्मची आहे.

दर घालावा की नाही यावर आमचं बराच वेळ अडलं. दर प्रकारागणिक बदलतो, अस्तर लावलं तर वाढतो. ‘अमुकपासून’ लिहिलं की लोक तो आकडाच धरून बसतात आणि पुढे घासाघीस होते. आम्ही दरपत्रक पिन केलेल्या पोस्टमध्ये ठेवलं. ज्यांचा दर एकच आहे, समजा पुरणपोळी नगावर विकणारे, त्यांनी तो बायोतच द्यावा असं माझं मत.

आता मेसेज येतात ते ‘शनिवारी साडी घेऊन येऊ का?’ असे. चौकशा थोड्या कमी झाल्या, याचं वहिनीला आधी वाईट वाटलं. पण दुपारभर ‘आम्ही साड्या विकत नाही’ टाइप करत बसणं थांबलं, तेव्हा तिने ते मनावर घेणं सोडलं.

परवा म्हणाली, “आठ अक्षरं उरलीत ना? त्यात ब्लाऊज घाला की.” स्वल्पविराम, जागा आणि ‘ब्लाऊज’ मिळून बरोबर आठच होतात, हिशेब तिचा चोख. पण पेशवाई-मस्तानीच्या रांगेत ब्लाऊज बसवला तर तोही नऊवारीचा एखादा प्रकार वाटेल. त्याला वेगळं हायलाइट करून दिलं. दिवाळी झाली की ‘लग्नसराईत 15’ चा आकडा मात्र वाढवावा लागेल, तुळशीच्या लग्नानंतर तिला पंधरा दिवस पुरत नाहीत.