शीग

शहापुरात आमच्या लहानपणी तांदूळ मापट्यानं मोजून मिळत. मापटं शिगोशीग भरलं की दुकानदार काठावरून तळहात फिरवून शीग पोत्यात परत पाडायचा. काठाखाली खळगा राहिला असेल तर मात्र ते तसंच पिशवीत. आई म्हणायची, "वरचं तेवढं काढून घेतोस, खालचं भरत नाहीस की रे!"

परवा अमेरिकेत शिकणाऱ्या भाचीनं निकाल पाठवला, तेव्हा हे मापटं आठवलं. चार विषय, सगळ्यांना सारखेच क्रेडिट. दोनांत ए प्लस, दोनांत ए मायनस. जन्मभर गणित शिकवलेला मी तोंडीच बोललो, "दोन वर, दोन खाली, म्हणजे सरळ ए. चार!"

"नाही मामा, ३.८५."

पट्टी अशी होती: ए मायनसला ३.७, एला ४.० आणि ए प्लसलाही ४.०. म्हणजे ४, ४, ३.७ आणि ३.७, बेरीज १५.४, सरासरी ३.८५. हेच बी प्लसचे ३.३ आणि बी मायनसचे २.७ दोन-दोनदा धरा, बरोबर ३.० येतात. खालच्या अक्षरांत प्लस मायनसला फेडतो. वरच्या अक्षरात मायनसचं कर्ज राहतं आणि प्लस नुसता शोभेचा.

मी तिथंच थांबतो होय! कागद ओढला. चाळीस विषयांत एकोणचाळीस ए प्लस आणि एकच ए मायनस धरला. आले ३.९९. चाळीसही विषयांत साधा ए मिळवणाऱ्या पोराला ४.००. पुढं कितीही ए प्लस मिळवा, तो एक मायनस भरून निघत नाही.

स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल ए प्लसला ४.३ देतात. त्या हिशेबानं भाचीचे बरोबर ४.० झाले असते. मग साधा ए मिळवणारा म्हणेल, मी अव्वल ना, मग माझ्या वर हा कोण? त्याचंही खोटं नाही. गंमत म्हणजे कायद्याच्या कॉलेजांसाठी गुण मोजणारी एलएसएसी ए प्लसला ४.३३ आणि ए मायनसला ३.६७ धरते, तर वैद्यकीय अर्जांची एएमसीएएस ए प्लसला ४.० वरच थांबवते. गुणपत्रिका एकच, पण एकीकडे भाची ४.०० आणि दुसरीकडे ३.८५.

पुढच्या सत्रात तिला संख्याशास्त्राचा एक अवघड विषय घ्यायचा होता. मी म्हटलं, "घे की मग."

"त्यात ए मायनस पडला तर कापणार, ए प्लस पडला तर मोजणार नाहीत. कशाला घेऊ?"

पाच-दहा मिनिटं मी तिला ज्ञानासाठी शिकण्याबद्दल ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि सोपा विषय घेतला.

आईनं तरी काय केलं होतं? पुढच्या महिन्यापासून ती पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जायला लागली. तिथला म्हातारा शीग पाडत नसे.